रक्ताचा साका आणि त्याचा आकडा

पावसाळ्यांत नदीचें गढूळ पाणी घागरींत भरून ठेवलें, तर तें सकाळपर्यंत निवळेलच असा भरंवसा नसतो. मातीचे कण इतके सूक्ष्म असतात, कीं ते खालीं बसण्यास दिवसचे दिवस घेतात. पण त्याच पाण्यांत तुरटीचा खडा चार वेळां फिरविला, कीं थोड्याच वेळानें कणांचे पुंजके दिसूं लागतात, ते झपाट्यानें तळाशीं जातात, आणि वर स्वच्छ निवळ राहते. सर्व कणांवर एकाच जातीचा विद्युत्-भार असतो आणि त्यामुळें ते एकमेकांना दूर लोटीत असतात. तुरटी हा भार फेडून टाकते; मग कण एकमेकांस चिकटतात आणि पुंजका होऊन बुडतात. मनुष्याच्या रक्ताचाहि असाच साका बसतो. तो किती वेगानें बसतो हें मोजण्याच्या चाचणीचें पूर्ण नांव एरिथ्रोसाइट सेडिमेंटेशन रेट, आणि दवाखान्यांत रूढ झालेलें नांव ई. एस. आर.

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं या आकड्याची चिठ्ठी आलेली असेल. चिठ्ठीवर ४६ असा आकडा असतो, शेजारीं ‘२० पर्यंत योग्य’ असें छापलेलें असतें, आणि तेवढ्यानें घरांत काळजी शिरते. कोणी म्हणतो हा क्षय, कोणी म्हणतो संधिवात; एखादा तर त्याहून भयंकर रोगाचें नांव घेतो. वस्तुतः त्या आकड्यांत यांपैकीं एकाहि रोगाचें नांव लिहिलेलें नसतें. त्यांत काय लिहिलेलें असतें हें समजण्यासाठीं तो आकडा कसा निघतो तें प्रथम पाहिलें पाहिजे.

कृति अगदीं साधी आहे. दंडांतील शिरेंतून थोडें रक्त काढून चार भाग रक्तांत एक भाग सोडियम सायट्रेटचें पाणी मिसळतात, म्हणजे रक्त गोठत नाहीं. हें मिश्रण सुमारें ३०० मिलिमीटर लांबीच्या आणि अडीच मिलिमीटर पोकळीच्या कांचेच्या नळींत भरतात. नळीवर शून्यापासून २०० पर्यंत मिलिमीटरच्या खुणा असतात. नळी घोड्यावर अगदीं ओळंब्यांत उभी करतात आणि बरोबर एक तास तिला हात लावीत नाहींत. तासानंतर पाहिलें असतां वरच्या अंगास पिंवळसर पारदर्शक रस दिसतो आणि खालीं तांबडा स्तंभ. रसाची ही पट्टी जितके मिलिमीटर उंच, तितका त्या रक्ताचा ई. एस. आर. पन्नाशीच्या आंतील निरोगी पुरुषांत तो सामान्यतः १५ पर्यंत व स्त्रियांत २० पर्यंत असतो. पन्नाशीनंतर या मर्यादा अनुक्रमें २० व ३० धरतात. मोठ्या प्रयोगशाळांतून आज यंत्रें थोड्या मिनिटांत हा आकडा काढतात. पण त्यांचा हिशेबहि याच एका तासाच्या नळीशीं ताडून बसविलेला असतो.

ही नळी व ही पद्धति स्वीडनमधील आल्फ वेस्टरग्रेन या वैद्याच्या नांवानें ओळखली जाते. क्षयाच्या रोग्यांचें रक्त तपासून त्यानें आपला निबंध १९२१ सालीं प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्याचाच देशबांधव रॉबिन फोरेउस यानें गर्भवती स्त्रियांच्या रक्ताचा साका लवकर बसतो असें दाखविलें, आणि गर्भधारणा ओळखण्यास हा उपाय चालेल अशी त्याची प्रथम आशा होती. ती आशा टिकली नाहीं, कारण इतर अनेक स्थितींत तसेंच घडतें असें त्याला आढळून आलें. या दोघांच्याहि पूर्वीं, १८९७ सालीं, एडमंड बियेर्नात्स्की या पोलिश वैद्यानें साका बसण्याचा वेग रोग्यारोग्यांत निराळा असतो हें नोंदविलें होतें, आणि रक्तरसांतील फायब्रिनोजेन या द्रव्याशीं त्याचा संबंध आहे हेंहि त्याच्या लक्षांत आलें होतें. चाचणीचें बळ आणि चाचणीची दुर्बलता या दोन्ही गोष्टी या आरंभींच्या इतिहासांतच दिसून येतात: एकच खूण क्षयाच्या रोग्यांत दिसली आणि निरोगी गर्भवतींतहि दिसली.

आतां नळीच्या आंत काय घडतें तें पाहूं. रक्त म्हणजे रक्तरस आणि त्यांत तरंगणाऱ्या पेशी. त्यांतील बहुतेक सर्व पेशी तांबड्या. प्रत्येक तांबडी पेशी मध्यें दबलेल्या बत्ताशासारखी चपटी असते. तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट, आणि जाडी सुमारें दोन पट. ती रसापेक्षां किंचित् जड असल्यामुळें बुडावयास पाहते. पण एकटी पेशी फार सावकाश बुडते, कारण इतक्या लहान वस्तूला वजनाच्या मानानें रसाचा अडथळा फार होतो. शिवाय प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्-भार असतो. त्यामुळें दोन पेशी जवळ आल्या, कीं एकमेकींस दूर सारतात, आणि बराच काळ एकेकट्याच राहतात.

रसांत फायब्रिनोजेनसारखीं लांबट, मोठीं प्रथिनें वाढलीं म्हणजे हा दुरावा मोडतो. पेशी सपाट अंगानें एकमेकींवर बसूं लागतात, आणि सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें तर रुपयांच्या चवडीप्रमाणें त्यांच्या चवडी लागलेल्या दिसतात. हें प्रथिन दोन पेशींना जोडणारा पूल होतें, कीं दोन पेशींमधील फटींत त्याला शिरतां येत नसल्यामुळें बाहेरचा रस त्यांना एकमेकींकडे दाबतो, यावर शास्त्रज्ञांत अद्यापि दोन पक्ष आहेत. परिणामाविषयीं मात्र मतभेद नाहीं. दहा पेशींच्या चवडीचें वजन एका पेशीच्या दहापट असतें. पण तिला होणारा रसाचा अडथळा त्या मानानें फारच कमी वाढतो. चवड गोल आहे असें धरून हिशेब केला, तर तिचा व्यास दुपटीहून थोडाच अधिक होतो, आणि बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढत असल्यामुळें तो सुमारें साडेचार पट होतो. तासाचीं पहिलीं दहा-एक मिनिटें चवडी लागण्यांत जातात. पुढचीं सुमारें चाळीस मिनिटें त्या भराभर खालीं येतात. आणि शेवटचीं दहा मिनिटें तळाशीं एकमेकींवर दाबून बसण्यांत जातात. म्हणजे नळींतील आकडा हा मुख्यतः पहिल्या दहा मिनिटांत चवडी किती मोठ्या झाल्या याचा आकडा आहे.

तर मग रसांत फायब्रिनोजेन वाढतें कां? शरीरांत कोठेंहि जंतु शिरले, सांधा सुजला, हाड मोडलें किंवा एखादा भाग मृत झाला, म्हणजे तेथें दाह सुरू होतो. त्या जागच्या पांढऱ्या पेशी रक्तांत कांहीं रासायनिक निरोपे सोडतात. त्यांतील प्रमुख निरोप्याचें नांव इंटरल्यूकिन-६. हा निरोप यकृतास पोंचला, कीं यकृत आपल्या नित्याच्या कामांत फेरफार करतें. अल्ब्युमिन हें नेहमींचें प्रथिन तें कमी बनवूं लागतें आणि फायब्रिनोजेन दुप्पट-तिप्पट बनवितें. अल्ब्युमिन चवडी लागूं देत नाहीं, फायब्रिनोजेन त्या लावतें. त्यामुळें दोन्ही बाजूंनीं साक्याचा वेग वाढतो. दाह दीर्घकाळ चालला, तर जंतूंशीं झुंजणारीं ग्लोब्युलिन प्रथिनेंहि रसांत दाटतात आणि चवडींस आणखी मदत करतात. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नळी दाह पाहत नाहीं. दाहाचा निरोप यकृताला गेला, यकृतानें प्रथिनें बनविलीं, प्रथिनांनीं पेशी जुळविल्या, आणि जुळलेल्या पेशी बुडाल्या. ही सारी सांखळी संपल्यावर तिचें शेवटचें टोंक तेवढें नळींत दिसतें. मधली कोणतीहि कडी दुसऱ्या कारणानें हलली, तरी टोंक हलणारच.

सांखळी लांब असल्यामुळें बातमी उशिरां येते. एखाद्या तरुणाला फुप्फुसाचा दाह झाला आहे असें समजा. पहिल्या दिवशीं संध्याकाळीं तो तापानें फणफणला आहे, छातींत कळ येते, आणि ई. एस. आर. मात्र १४ निघतो. फायब्रिनोजेन वाढण्यास एक-दोन दिवस लागतात; तें अद्याप वाढलेलेंच नाहीं. चवथ्या दिवशीं आकडा ७० होतो. औषध लागू पडून आठव्या दिवशीं तो अंथरुणांत उठून बसतो, ताप गेलेला असतो, भूक लागते. तरी आकडा ६५. त्या वेळीं घरच्यांनीं घाबरून जाण्याचें कारण नसतें. रक्तांत साठलेलें फायब्रिनोजेन निम्मे होण्यास सुमारें चार दिवस लागतात, आणि ग्लोब्युलिन त्याहूनहि सावकाश ओसरतें. तिसऱ्या-चवथ्या आठवड्यांत आकडा हळूहळू पूर्वपदावर येतो. म्हणजे आरंभीं नळी रोग असून गप्प राहिली, आणि शेवटीं रोग हटल्यावरहि बोलतच राहिली. ताजी बातमी हवी असेल तर डॉक्टर सी. आर. पी. हें दुसरें प्रथिन मोजतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत १९३० सालीं फुप्फुसदाहाच्याच रोग्यांच्या रक्तांत तें सांपडलें. तें कांहीं तासांतच वाढूं लागतें, आणि नवें बनणें थांबलें म्हणजे सुमारें एकोणीस तासांत निम्मे होतें.

दाह मुळींच नसतां आकडा वाढण्याचीं कारणेंहि थोडीं नाहींत. गर्भवतीच्या रक्तांत फायब्रिनोजेन स्वभावतःच अधिक असतें. वयाबरोबर आकडा चढतो. स्त्रीच्या वयांत दहा मिळवून दोनांनीं भागावें, आणि पुरुषाचें वय नुसतें दोनांनीं भागावें, म्हणजे वरची मर्यादा मिळते असा एक ठोकताळा आहे. त्याप्रमाणें सत्तर वर्षांच्या आजीबाईंचा ४० हा आकडा चिंतेचा ठरत नाहीं. परंतु आपल्याकडे सर्वांत अधिक फसविणारें कारण म्हणजे रक्त कमी असणें. नळींत पेशी खालीं जातात तेव्हां तितकाच रस वर यावा लागतो. पेशींची दाटी असली तर अरुंद बोळांत समोरासमोर आलेल्या दोन जमावांप्रमाणें दोघांचीहि गति मंदावते. पेशी थोड्या असल्या म्हणजे वाट मोकळी होते, आणि प्रथिनें नेहमींचींच असलीं तरी साका लवकर बसतो.

चौतीस वर्षांच्या एका गृहिणीचें उदाहरण घेऊं. तिला तीन महिने थकवा आहे, जिना चढतांना धाप लागते, कधीं कधीं अंग कोमट वाटतें. ई. एस. आर. ४६. शेजारीं क्षयाचा रोगी होऊन गेलेला. त्यामुळें घरच्यांचा आग्रह पडतो कीं क्षयाचें औषध ताबडतोब सुरू करावें. हें औषध निदान सहा महिने घ्यावें लागतें, आणि त्यांतील कांहीं गोळ्या यकृताला अपाय करूं शकतात. म्हणून डॉक्टर आकड्यावर थांबत नाहीं. तो तिला खोकला, बेडका, रात्रींचा घाम, घटलेलें वजन यांविषयीं विचारतो; उत्तर नाहीं असें येतें. थर्मामीटर लावून दोन आठवडे ताप लिहून ठेवावयास सांगतो. कोठेंहि ताप निघत नाहीं. क्ष-किरणाच्या चित्रांत छाती स्वच्छ दिसते. मग तो हिमोग्लोबिन पाहतो: तें असावयास हवें बारा किंवा अधिक, आणि आहे सात. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी लहान व फिक्या दिसतात, रक्तांतील लोहाचा सांठा संपलेला निघतो, आणि विचारतां मासिक स्राव वर्षभर फार जात असल्याचें कळतें. स्रावावर उपाय होतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. तीन महिन्यांनीं हिमोग्लोबिन साडेअकरा होतें, धाप जाते, आणि आकडा १८ वर येतो. क्षयाची एकहि गोळी तिच्या पोटांत गेलेली नसते.

या उदाहरणावरून उलट चूकहि करूं नये. रक्त कमी आहे, म्हणून वाढलेल्या आकड्याची चौकशीच नको, असें म्हणणें तितकेंच घातक आहे. कारण दीर्घ दाह स्वतःच रक्त कमी करतो, आणि क्षयानें किंवा संधिवातानें दोन्ही गोष्टी एकदम घडूं शकतात. त्या गृहिणीचा निर्णय आकड्यानें लागला नाहीं. तो लागला छातीच्या चित्रानें, तापाच्या नोंदीनें, लोहाच्या तपासणीनें आणि रोगिणीच्या तोंडच्या हकीकतीनें. बेडका येत असता तर त्यांत क्षयाचे जंतु शोधणें हें पहिलें काम झालें असतें. आकड्यानें शोध सुरू करून दिला, एवढेंच त्याचें श्रेय.

दाह असून आकडा लहान राहण्याचेंहि असेंच आहे. चवड लागावयाची तर पेशी सपाट व लवचिक हवी. आपल्या नंदुरबार, गडचिरोली वगैरे भागांत सिकल सेल या आनुवंशिक विकाराचे रोगी आढळतात. त्यांच्या पेशी विळ्याच्या पात्यासारख्या वांकड्या होतात, आणि वांकड्या पेशींची चवड लागत नाहीं. अशा रोग्यास हाडांत जंतूंचा दाह असला, तरी साका अगदीं सावकाश बसूं शकतो. रक्तांत पेशींची फाजील गर्दी असेल, किंवा यकृत इतकें खालावलें असेल कीं फायब्रिनोजेन बनविण्याची शक्तीच त्यास उरली नाहीं, तरीहि तोच परिणाम होतो.

आणि नळीच्या स्वतःच्याहि खोड्या आहेत. ती अवघी तीन अंश कललेली असली, तर आकडा सुमारें तीसटक्क्यांपर्यंत वाढूं शकतो. तिरप्या नळींत पेशींना तळापर्यंत जावें लागत नाहीं. त्या लगतच्या खालच्या भिंतीवर पडतात आणि तेथून थव्यानें घसरत जातात, तर रस वरच्या भिंतीच्या कडेनें बिनअडथळा वर येतो. ही गंमत बॉयकॉट या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२० सालीं रक्ताच्याच नळ्या पाहतांना टिपली. खोली फार उष्ण असेल तर आकडा वाढतो, फार थंड असेल तर घटतो. रक्त चार तासांहून अधिक काळ तसेंच पडून राहिलें तर पेशी गोलसर होऊं लागतात आणि आकडा खालीं येतो. रक्तांत बारीकशी गांठ झाली असेल, तर फायब्रिनोजेन तींत अडकतें आणि आकडा खोटाच लहान निघतो. यासाठीं हकीकतीशीं न जुळणारा आकडा आला, तर शहाणा डॉक्टर प्रथम पुन्हां नवें रक्त घेऊन तीच चाचणी करवितो.

मग ही शंभर वर्षांची जुनी नळी अजून ठेवावी कशाला? कारण योग्य प्रश्न विचारला तर ती उपयोगी उत्तर देते. संधिवाताचा किंवा हाडाच्या दाहाचा निश्चित झालेला रोगी औषधानें सुधारत आहे कीं नाहीं, हें महिन्या-महिन्याचे आकडे ओळीनें मांडले असतां दिसतें. तेथें एका आकड्यापेक्षां आकड्यांच्या चढ-उताराला महत्त्व असतें. आकडा १०० च्या वर गेला, तर त्यामागें बहुधा गंभीर कारण असतें, मग तें जंतूंचें असो, सांध्यांचें असो, मूत्रपिंडाचें असो किंवा कर्करोगाचें असो. अशा वेळीं शोध सोडतां येत नाहीं. पण १६ च्या जागीं २२ आला आणि रोग्याला कांहीं होत नसेल, तर बहुतेक वेळां थोड्या आठवड्यांनीं पुन्हां तपासणें एवढेंच पुरतें.

एका प्रसंगीं मात्र या आकड्याची वाट पाहणेंहि परवडत नाहीं. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याचें कानशील नव्यानेंच दुखूं लागलें, केस विंचरतांना तेथें हात लागूं देववेना, घास चावतांना जबडा भरून येऊं लागला, किंवा क्षणभर एका डोळ्यापुढें अंधार आला, तर कानशिलाच्या धमनीच्या दाहाची शंका घेतली पाहिजे. या रोगांत ई. एस. आर. बहुधा ५० च्या वर असतो, आणि निदानास त्याची मोठी मदत होते. परंतु कांहीं थोड्या रोग्यांत तो योग्य मर्यादेंतच निघतो. तो आकडा पाहून रोग्यास घरीं पाठविलें, तर त्याची दृष्टि कायमची जाऊं शकते. म्हणून लक्षणें इतकीं स्पष्ट असतांना डॉक्टर रक्त तपासावयास पाठवितो, पण उत्तर येण्यापूर्वींच स्टेरॉइडचें औषध सुरू करतो. आणि पुढें उत्तर लहान आलें तरी तेवढ्यावरून तें बंद करीत नाहीं.